सूचना: ॲपलचा धोक्याचा इशारा आल्यास

सर्व सदस्य पत्रकारांसाठी,

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस देशातल्या काही पत्रकारांना आणि विरोधी खासदारांना आयफोनवर हेरगिरीचा हल्ला होत असल्याचा इशारा ॲपलकडून आला होता. पुढे ॲम्नेस्टीच्या तपासणीत दोन पत्रकारांच्या आयफोनवर पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या खुणा सापडल्या. म्हणून इशारा थट्टेवारी नेऊ नका. मात्र इशारा आला म्हणजे फोन हॅक झालाच असं नाही. तुम्हाला नेमकं लक्ष्य केल्याचा दाट संशय, एवढाच त्याचा अर्थ.

आधी इशारा खरा आहे का ते पाहा. मेलमधल्या लिंकला हात न लावता account.apple.com स्वतः टाइप करून लॉगिन करा. खरा असेल तर पानाच्या वरच्या भागातच पट्टी दिसते. इशाऱ्याच्या मेलमध्ये ॲपल पासवर्ड किंवा ओटीपी मागत नाही.

मग आयफोन अपडेट करून सेटिंग्जमधल्या Privacy & Security मध्ये फोनची सुरक्षा कडक करणारा Lockdown Mode चालू करा. घाबरून फोन रीसेट मात्र करू नका, पुरावा तिथेच पुसला जातो. दुसऱ्याच्या फोनवरून ॲक्सेस नाउ या डिजिटल हक्क संस्थेच्या हेल्पलाइनशी संपर्क साधा. मदत विनामूल्य मिळते. सूत्रांशी त्या फोनवरून बोलणं तूर्त बंद. त्यांना कळवायचं तेही दुसऱ्या मार्गाने.