हिरव्या पातळातल्या बाईबद्दल, बाईंना

प्रिय बाई,

सा. न. वि. वि.

मानधनाचं पाकीट तुम्ही परत पाठवलंत, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितो आहे. ते तरी तुम्हाला परत करता येणार नाही. कथानक उघड करायला लेखिकेची परवानगी घेतली आहे. 'तसंही बाईंनी माझ्याआधी ते ओळखलं होतं,' असं ती म्हणाली.

प्रकाशकाकडे आलेली हस्तलिखितं वाचून अभिप्राय देणं हे माझं काम. कौटुंबिक, ऐतिहासिक, रहस्यकथा, यांतलं काय उभं राहतं आणि काय कोसळतं ते मला बऱ्यापैकी कळतं. पण काळप्रवासाची कादंबरी हातात आली आणि मी अडखळलो. वाचताना डोळे भरून येत होते आणि त्याच वेळी 'हे असं कसं?' हा प्रश्नही सुटत नव्हता. यातली कुठली प्रतिक्रिया खरी मानायची, ते ठरेना. अकरावीत तुमच्याकडे तर्कशास्त्र होतं, ते आठवलं आणि बाड घेऊन तुमच्याकडे आलो.

वाचकांसाठी कथा थोडक्यात सांगतो. २०१९ साली नारायण पेठेतल्या वाड्यात चौऱ्याऐंशी वर्षांची आजी आहे. तिचा थोरला मुलगा बाळू सात वर्षांचा असताना पानशेतच्या पुरात गेला. नात मुक्ता मागे जाऊ शकते, एका दिवसापुरती. ती ११ जुलै १९६१ च्या संध्याकाळी पोचते, बाळूला वाचवायला. सुरुवातीलाच कादंबरी नियम सांगते: झालेलं बदलत नाही, मागे गेलेला माणूस झालेल्यातलाच एक असतो.

तुम्ही पहिल्यांदा काय केलंत, तर पाठकोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारलीत. डावीकडे 'घडलं', उजवीकडे 'समजलं'. लेखिकेने वाचकाच्या डोळ्यांदेखत घडवलेलं किंवा इतिहासात नोंदलेलं ते डावीकडे. पात्रांना वाटतं, ती ऐकून आहेत किंवा त्यांनी गृहीत धरलंय, ते उजवीकडे. 'बाळू मेला' हे मी बेधडक डावीकडे टाकलं असतं. तुम्ही दुसरं प्रकरण उघडून दाखवलंत. आजी म्हणते की बाळू घरी आला नाही, शरीरही मिळालं नाही. म्हणजे डावीकडे एवढंच: बाळू परत आला नाही. मृत्यू उजवीकडे.

अचल भूतकाळाच्या गोष्टीत सगळी हालचाल या उजव्या रकान्यात होते, हे मला त्या रेघेमुळे कळलं. डावीकडचं एक अक्षर हललं तर लेखकाने स्वतःचाच नियम मोडला. उजवीकडचं वाटेल तितकं उलटलं तरी चालतं, उलट तेवढ्यासाठीच तर आपण वाचतो.

त्या कागदावर हस्तलिखित तीन ठिकाणी सापडलं. मुक्ता शेजारच्या बिऱ्हाडाला सावध करते आणि २०१९ मध्ये परतल्यावर तिथे नवीनच नावाची पाटी दिसते. म्हणजे भूतकाळ बदलला. शेवटून दुसऱ्या प्रकरणात बाळू वाचतो, पण 'दुसऱ्या काळरेषेत'. म्हणजे भूतकाळाला फाटा फुटला. आणि शेवटच्या पानावर भिंतीवरच्या फोटोत बाळू मोठा झालेला दिसतो. म्हणजे पुन्हा बदल, तोही फाट्याच्या या बाजूला. अचल, बदलता आणि फाटे फुटणारा, असे काळाचे तीन प्रकार एकाच पुस्तकात. तुमचं म्हणणं होतं की यातला कुठलाही एक चालेल. वाचक कितीही विचित्र नियम मान्य करतो, पण एकदा मान्य केल्यावर तो लेखकापेक्षा कडकपणे पाळतो.

इतिहासही डाव्या रकान्यातच बसतो, हे तुम्ही बजावलंत ते बरं झालं. हस्तलिखितात वाड्यात मध्यरात्री पाणी चढत होतं. रात्र, कंदील, किंकाळ्या. पण रात्री जवान पानशेतला वाळूची पोती रचत होते. धरण फुटलं १२ तारखेला सकाळी, मग खडकवासल्याचं गेलं, आणि शहरात पाणी शिरलं ते दिवसाढवळ्या. ज्या गावात जुनी माणसं अजून 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' असं बोलतात, तिथे मध्यरात्रीचा पूर दाखवणं म्हणजे धाडसच. त्यात तो बुधवार होता, शाळेचा दिवस. सात वर्षांचा मुलगा त्या सकाळी कुठे असेल, हा साधा प्रश्न कादंबरीने विचारलाच नव्हता.

आता मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट. मुक्ता बाळूला वाचवू शकत नाही, कारण आधी सायकल पंक्चर होते, मग पोलीस पूल अडवतात, मग दाराला बाहेरून कडी निघते. मी समासात 'योगायोग जास्त' एवढंच लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, 'जास्त म्हणजे किती? एक चालेल का? का चालेल?'

मग तुम्ही डेव्हिड लुईस या अमेरिकन तत्त्वज्ञाचा १९७६ चा निबंध समजावलात. एक माणूस आपल्या आजोबांना तरुणपणीच मारायला मागे जातो. बंदूक आहे, नेम पक्का आहे, अडवायला कोणी नाही. तो मारू शकतो का? या गोष्टी पाहिल्या तर शकतो. आजोबा पुढे जगले हेही हिशेबात धरलं तर नाही शकत. दोन्ही उत्तरं खरी, कारण 'शकतो' म्हणताना आपण दर वेळी वेगळ्या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. आणि तो चुकतो ते एखाद्या क्षुल्लक कारणानेच: आवाज होतो, धीर सुटतो. विश्व त्याचा हात धरायला येत नाही. तर्काच्या बाजूने पंक्चर झालेली सायकल निर्दोषच आहे, हे ऐकून मी चकित झालो. म्हणजे माझा आक्षेप तर्काचा नव्हताच. तो भावनेचा होता आणि मी त्याला तर्काचं नाव देत होतो.

त्यावर तुम्ही बिलियर्डच्या चेंडूचं उदाहरण काढलंत. रशियन भौतिकशास्त्रज्ञ नोविकोव्ह यांचं म्हणणं, काळात मागे नेणारी वाट असलीच तरी तिथे फक्त स्वतःशी सुसंगत असलेल्या घटनाच घडतील. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पोल्चिन्स्की यांनी त्यावर पेच टाकला: चेंडू अशा वाटेत शिरतो, थोडा आधी बाहेर येतो आणि आत शिरणाऱ्या आपल्याच जुन्या रूपाला असा ठोकतो की ते आत जाऊच नये. मग ठोकलं कोणी? किप थॉर्न हे दुसरे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गणित मांडून उत्तर काढलं, ते १९९१ साली छापून आलं. बाहेर आलेला चेंडू जरा वाकड्या वाटेने येतो, त्यामुळे जोराचा ठोका बसत नाही, निसटता धक्का बसतो. त्या धक्क्याने पहिला चेंडू आत तर जातो, पण जरा वाकडा. आणि तसा वाकडा गेला म्हणूनच तो बाहेर वाकडा येतो.

'यात बाहेरून कोणी पंक्चर करायला आलं का?' असं तुम्ही विचारलंत, तेव्हा माझी ट्यूब पेटली. अडथळा प्रयत्नातूनच आलाय. तिसऱ्या योगायोगाला वाचक वैतागतो, कारण तिथे त्याला लेखकाचा हात दिसतो. पण पात्राच्या स्वतःच्या धडपडीनेच गोष्ट नको त्या जागी येऊन बसली, तर त्याच वाचकाच्या पोटात खड्डा पडतो. सुसंगती दोन्हीकडे तितकीच आहे.

मग तुम्ही पुन्हा दुसऱ्या प्रकरणाकडे गेलात आणि एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ ओढलीत. आजी सांगते, 'एक बाई आली होती, हिरवं पातळ नेसलेली. मी तिच्याबरोबर पाठवला त्याला. नावसुद्धा विचारलं नाही.' लेखिका हे वाक्य लिहून विसरून गेली होती. नंतर कुठेही त्याचा उल्लेख नव्हता. तुम्ही एवढंच विचारलंत, 'ही कोण?'

पुढचं लेखिकेने केलं. नव्या खर्ड्यात सायकल नाही, पोलीस नाहीत. मुक्ता वाड्यात पोचते, धरणाचं सांगते, आजी, म्हणजे तेव्हाची सव्वीस वर्षांची आई, मुलाला तिच्या हाती देते. पर्वतीच्या चढावर गर्दीत हात सुटतो. आजीने अठ्ठावन्न वर्षं स्वतःला ज्याचा दोष दिला ते मुक्तामुळे घडलं. डावा रकाना तसाच राहतो: बाळू घरी आला नाही, शरीर मिळालं नाही. उजवा रकाना मात्र पुरता उलटतो.

चिठ्ठीचा मुद्दाही सांगून टाकतो, कारण तो मी एकट्याने कधीच पकडला नसता. मुक्ताला फडताळात एक जुनी चिठ्ठी सापडते, ती तोच कागद १९६१ मध्ये ठेवून येते, आणि तोच तिला २०१९ मध्ये सापडतो. कागद प्रत्येक फेरीत अठ्ठावन्न वर्षांनी जुना होणार, पण सापडताना तर तो दर वेळी तितकाच जुना असायला हवा. हे जमत नाही. तिने मजकूर नव्या कागदावर उतरवला तर हा पेच सुटतो, मग एवढंच उरतं की तो मजकूर मुळात कोणी रचला. त्यात व्याघात नाही, फक्त तो कोणाचाच नाही. तुम्ही म्हणालात, बारीकसारीक निरोपाला हे खपेल, पण पुस्तकाचा गाभाच असा बिनकर्त्याचा असेल तर वाचकाला फसल्यासारखं वाटेल. लेखिकेने चिठ्ठी काढूनच टाकली.

फाट्याचा शेवट मला आवडला होता, हे तुम्हाला आठवत असेल. दुसरीकडे कुठे तरी बाळू जगतोय, यात दिलासा आहे असं मी म्हटलं. तुम्ही विचारलंत, 'कोणाला?' दोनशे पानं वाचक ज्या आजीच्या उशाशी बसला, तिला त्यातलं काहीच मिळत नाही. तिचा मुलगा गेलेलाच राहतो आणि आनंद कोणा परक्या आजीला होतो. फाट्यांचा नियम तर्काला सर्वांत सोपा, कारण तिथे व्याघात उरतच नाही. पण त्यात केलेल्या कुठल्याच गोष्टीला मोल राहत नाही, जर तो फाटा सोडून येताना पात्राने काही गमावलं नसेल तर. तिथेच थांबून मुक्ता परत आलीच नसती तर तोही शेवट मला पटला असता. लेखिकेला तो नको होता.

एका बाबतीत मात्र मी अजून तुमच्याशी सहमत नाही. नव्या खर्ड्यात मुक्ता आजीला सगळं सांगते. 'ती बाई मी होते.' तुमच्या मते हे हवंच, कारण भूतकाळ हलवता येत नसेल तर खरं बोलणं एवढंच तिच्या हातात उरतं, आणि आजीचा स्वतःवरचा आरोप उजव्या रकान्यातला असल्याने तो पुसता येतो. मला वाटतं, चौऱ्याऐंशीव्या वर्षी आजी हे ऐकून सुटणार नाही, ती फक्त दोषाला नवीन धनी देईल. लेखिका तुमच्या बाजूला आहे, तेव्हा छापलं तेच जाईल. पण दुसरं प्रूफ आलं की घेऊन येतो. ते पान पुन्हा एकदा वाचा, विशेषतः आजीचं उत्तर. ते अजून दोन ओळी लांब आहे असं माझं मत आहे.

आपला विद्यार्थी