गोष्टीतला नकार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

गोष्ट दोनदा वाचली. निवृत्त कारकून, दारात आलेले तिघे शेजारी आणि "यंदा मिरवणुकीच्या पुढे तुम्हीच" हा आग्रह, इथवर छान जमलंय. गाडी अडते ती नकारापाशी. तू त्याच्या तोंडी "गुडघे दुखतात" घातलंस. अशा कारणावर तोडगा लगेच निघतो, शेजारी म्हणतील, "मग गाडीत बसा." ऐकू कमी येतं म्हणाला, तर सोबत एक पोरगा देतील. तिसऱ्या कारणाला वाचक त्याला चुकार ठरवतो, आणि तुला तर तो मवाळ हवाय.

म्हणून कारण एकच ठेव आणि ते मिरवणुकीतूनच काढ. पुढच्या माणसाकडे मान असतो, तसं चाल धरायचं कामही असतं. समज, तो मिनिटाला 40 मीटर चालतोय आणि अरुंद वळणामुळे मागचे 30 मीटरच येताहेत. दहा मिनिटांत मध्ये 100 मीटरची फट पडते. मग मागचे धावत सुटतात, वाद्यांचा ताल तुटतो, आडव्या रस्त्यावर खोळंबलेली वाहनं त्या फटीत घुसतात. पुढच्याला यातलं काही दिसत नाही. ते दिसतं शेवटच्या रांगेतल्या माणसाला, आणि त्यानं निरोप धाडला तरच पुढचा थांबतो. जन्मभर आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला ही जागा बरोबर कळेल. त्याला एवढंच म्हणू दे: "पुढे कुणीही चालेल हो. मला शेवटची रांग द्या, फट पडली की शिट्टी वाजवतो." यात "नाही" कुठेच नाही, आणि तोडगा काढायलाही जागा उरत नाही.

दोन शब्द मात्र टाळ. "बघू" म्हटलं की आपल्याकडे होकारच धरतात. "यंदा नको" म्हटलं तर पुढच्या वर्षीचं आमंत्रण आत्ताच ठरतं!

शेवट तू निरोपाच्या नमस्कारावर केलायस, तो मला पातळ वाटला. त्यापेक्षा शेजाऱ्यांनी मिरवणुकीचं पत्रक आधीच छापून आणलेलं असू दे, त्यात "अग्रभागी" पुढे त्याचं नाव. नोंदवहीत चूक झाली तर ती खोडरबरानं पुसत नाहीत की गिरबटत नाहीत. एकच आडवी रेघ मारतात, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही व तारीख. तो खिशातलं पेन काढतो, नावावर तशी रेघ ओढतो, सही करतो, आणि तळाशी लिहितो: "शेवटची रांग". पत्रक परत घेताना तिघांतल्या वडीलधाऱ्याला रेघेखालचं नाव अजून वाचता येतं. तिथेच थांब.

दुसरा खर्डा मला स्वच्छ लिहून पाठव, शेरे पेन्सिलीनं करीन.

तुझे,
बाबा