शस्त्रक्रियेपूर्वीची प्रार्थना: भेटीला जाणाऱ्या सभासदांसाठी

सभासदहो, रुग्णाला आत नेण्याआधी कॉरिडॉरमध्ये जेमतेम काही मिनिटं मिळतात, म्हणून वाचन एकच ठेवा: स्तोत्र 121. आठच वचनं आहेत. आपल्याला राखणारा कधी झोपत नाही, हे त्यातलं आश्वासन भुलीची धास्ती घेतलेल्या माणसाला थेट भिडतं. एकानेच हळू आवाजात वाचावं. दुसऱ्याने दाराकडे लक्ष ठेवावं, म्हणजे सिस्टरची हाक चुकणार नाही.

प्रार्थना रुग्णाचं नाव घेऊन करा:

"प्रभू, आमचं माणूस तुझ्या स्वाधीन आहे. सर्जनचे हात स्थिर ठेव, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सावध ठेव, बाहेर थांबलेल्या आम्हांला धीर दे. आमेन."

"सगळं नीटच होईल" असा शब्द मात्र देऊ नका. ते आपल्या हाती नाही, आणि घरच्यांनाही ते ठाऊक असतं.

रुग्ण उपाशी असतो. त्यामुळे प्रभुभोजन तर नाहीच, घोटभर पाणीही स्वतःहून देऊ नका. सलाईन लावलेला हात धरू नका.

सांगितलेली वेळ उलटली की घरचे घाबरतात. भूल देणं आणि नंतर रिकव्हरी रूममध्ये ठेवणं हा वेळ बहुतेकदा त्यात धरलेला नसतो. हे त्यांना आधीच सांगून ठेवा.