मोठीला एक आणि धाकट्याला दोन, असं का?

मा. संपादक,
स. न.

मी साताऱ्यात एका मुलांच्या डॉक्टरांकडे लसीकरणाच्या खोलीत सिस्टर आहे, चौदा वर्षं झाली. मे-जून आला की फ्लूच्या लशीवरून आमच्या काउंटरवर रोज एक तरी वाद होतोच, तो एकदाचा कागदावर उतरवावा म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कापलंत तरी चालेल पण तारखांचा भाग तेवढा ठेवा.

यंदा 10 मे ला एक वडील दोन्ही पोरांना घेऊन आले. मुलगी नऊ वर्षं तीन महिन्यांची, मुलगा चौदा महिन्यांचा. दोघांनाही फ्लूची लस आयुष्यात पहिल्यांदाच. मुलीला दंडात दिली, पोराला मांडीत, आणि मी कार्डावर लिहिलं की मुलीचं झालं, आता पुढच्या वर्षी, आणि बाळाला 7 जूनला किंवा त्यानंतर घेऊन या, दुसरा डोस आहे. ते कार्डाकडे बघतच राहिले. म्हणाले, "ताई, काहीतरी उलटं लिहिलंय तुम्ही. एवढी मोठी पोरगी तिला एक आणि ह्या एवढ्याशा पिल्लाला दोन?" मी म्हटलं बरोबर लिहिलंय. तर म्हणाले, "मग आत्ताच दुसऱ्या मांडीत देऊन टाका ना, परत सुट्टी टाकून यायला नको."

हसू आलं मला, पण प्रश्न अगदी बरोबर होता. बरेच जण हेच समजतात की लहान बाळ म्हणून एक डोस दोन हप्त्यांत देतात. तसं नाहीये. दोन्ही डोस स्वतंत्र आणि पूर्ण असतात, औषध कमी पडतंय म्हणून दुसरा देत नाही, दुसरा देतो तो मधे गेलेल्या चार आठवड्यांसाठी. एकाच दिवशी दोन्ही मांड्यांत टोचलं तर बाळ जास्त रडेल, बाकी काही पदरात पडणार नाही.

आता का ते सांगते. चौदा महिन्यांच्या बाळाच्या शरीराने फ्लूचा व्हायरस बहुतेक कधी बघितलेलाच नसतो. पहिला डोस जातो तेव्हा शरीराला ती वस्तूच नवी असते, तिला ओळखणाऱ्या पेशी असतात पण अगदी थोड्या, त्या आधी शोधायच्या, मग त्या वाढायच्या, त्यातल्या ज्या चांगल्या चिकटतात त्या निवडून पुढे जायच्या आणि काही आठवणीच्या पेशी म्हणून मागे राहायच्या. ह्या सगळ्याला आठवडे लागतात. ह्यात अँटीबॉडी तयार होतात, नाही असं नाही, पण थोड्या आणि लवकर ओसरणाऱ्या. खरं काम आठवणीच्या पेशींचं. चार आठवड्यांनी तीच वस्तू पुन्हा आली की ह्या पेशी ओळखीच्या माणसासारख्या धावून येतात, आणि तेव्हा कुठे अँटीबॉडी उपयोगाच्या पातळीला पोचतात.

मी आयांना विरजणाचं सांगते. दुधात विरजण लावलं की दही लागायला वेळ द्यावाच लागतो, तासाभराने अजून चार चमचे विरजण घालून ढवळलं म्हणून दही लवकर लागत नाही. पहिला डोस म्हणजे विरजण लावणं. आया लगेच समजतात, बाबा लोकांना जरा वेळ लागतो.

आणि मोठ्या मुलीला एकच का, तर नऊ वर्षांत तिला फ्लू एक-दोनदा तरी होऊन गेलेला असतो. घरच्यांना माहीत पण नसतं, "तीन दिवस ताप होता, व्हायरल होतं" एवढंच आठवतं. म्हणजे तिचं विरजण लागलेलंच आहे, लस फक्त आठवण करून देते. म्हणून नियम असा आहे की सहा महिन्यांपासून ते नववा वाढदिवस व्हायच्या आत ज्या मुलाला पहिल्यांदा फ्लूची लस देताय त्याला दोन डोस, मधे कमीत कमी 28 दिवस. नऊच्या पुढे पहिल्यांदा घेतली तरी एकच. नऊ हा काही जादूचा आकडा नाही, नवव्या वाढदिवसाच्या रात्री शरीरात काही बदलत नाही, कुठेतरी रेघ मारावी लागते म्हणून मारलीय.

हे नुसतं पुस्तकातलं वाटू नये म्हणून 2009 चं सांगते. स्वाईन फ्लू आला होता, पुण्यातली ती दवाखान्याबाहेरची रांग आणि तोंडाला बांधलेले रुमाल कोण विसरेल. तो व्हायरस सगळ्यांनाच नवीन, म्हणून आधी वाटलं होतं की मोठ्यांना पण दोन डोस लागतील. अमेरिकेत तेव्हा सरकारी संस्थेने मुलांवर चाचणी केली, एक डोस देऊन आठ-दहा दिवसांनी रक्त तपासलं. 10 ते 17 वयाच्या मुलांत 76 टक्के जणांत भरपूर अँटीबॉडी दिसल्या. 3 ते 9 वयात 36 टक्के. आणि 6 ते 35 महिन्यांच्या बाळांत फक्त 25 टक्के. लस तीच, डोस तोच. मोठ्या मुलांनी आधी कधीतरी जुन्या एच1एन1 शी गाठ घातलेली होती, तेवढी लांबची ओळख पण कामाला आली. छोट्यांकडे तीही नव्हती. म्हणून तेव्हा मोठ्यांना एका डोसवर सोडलं आणि दहा वर्षांखालच्यांना दोन डोस ठरले.

आता तारखा, कारण चुका इथेच होतात. 10 मे चा पहिला डोस, 28 दिवसांनी 7 जून. दुसऱ्या डोसनंतर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे, म्हणजे 21 जून. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो आणि शाळा-बालवाड्या जूनमध्ये सुरू होतात, म्हणजे हे बाळ वेळेवर तयार. आता तेच बाळ पाऊस पडल्यावर आठवण आली म्हणून 25 जूनला आलं असतं तर दुसरा डोस 23 जुलै आणि संरक्षण 6 ऑगस्ट. तोपर्यंत अर्धा पावसाळा गेला, त्यात घरात एक शाळेत जाणारी बहीण. म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्यांनी एप्रिल-मेमध्येच यावं. पण उशीर झाला म्हणून घेऊच नये असंही नाही, थंडीतही फ्लूची एक लाट येते आपल्याकडे.

कमीत कमी 28 दिवस म्हणजे उशीर चालतो, घाई चालत नाही. लग्नाला गावी जायचंय म्हणून पंधराव्या दिवशी या असं करू नका. आणि दीड-दोन महिने उलटले म्हणून "आता पहिल्यापासून" असंही नाही, आधीचा डोस वाया जात नाही, जमेल त्या दिवशी दुसरा देऊन टाकायचा. कंपनी बदलली तरी चालतं, त्या वयाला चालणारी लस पाहिजे एवढंच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मागच्या वर्षी एकच घेऊन गायब झालेल्यांचा. परवाच एक तीन वर्षांची मुलगी आली, मागच्या जूनमध्ये एक डोस, मग दुसरा राहिला कारण पहिल्यानंतर ताप आला आणि आजी म्हणाल्या पुरे झालं. आई म्हणाली, "मागच्या वर्षी एक झाला, ह्या वर्षी एक, झाले की दोन." हिशोब तसा होत नाही. जन्मापासून आत्तापर्यंत एकूण दोन डोस झालेले असतील तरच ह्या वर्षी एकावर भागतं. तिचा एकच झालेला, म्हणून ह्या वर्षी परत दोन, महिन्याच्या अंतराने. लशीतले व्हायरस दर वर्षी तपासतात आणि गरज पडली तर बदलतात. मागच्या वर्षीचा एक प्रकार आणि यंदाचा वेगळा असेल तर त्या प्रकारापुरती यंदाची पहिलीच भेट ठरते. कार्ड हरवलं असेल आणि आठवत नसेल तर झालीच नाही असं धरून दोन द्यायचे.

आणि तो ताप. इंजेक्शनमधली लस मेलेल्या व्हायरसच्या तुकड्यांची असते, तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. मांडी दुखणं, एक-दोन दिवस बारीक ताप, किरकिर, एवढं होतं. त्याच आठवड्यात बाळाला दुसरी कुठली सर्दी झाली की बिल लशीवर फाटतं.

एक गमतीदार केस. आठ वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाचे वडील म्हणाले, थांबतो महिनाभर, नऊ झाला की एकातच होईल. वाढदिवस होता जुलैमध्ये! म्हणजे एका डोसचे पैसे वाचवायला ऐन पावसात मुलाला कोरडा ठेवायचा. त्याला जूनमध्येच पहिला दिला, आणि दुसऱ्याच्या वेळी नऊ पूर्ण झालं होतं तरी दुसरा दिलाच, कारण पहिला नऊच्या आत झाला होता.

पैशांचं म्हणाल तर तक्रार खोटी नाही. ही लस सरकारी लसीकरणात फुकट मिळत नाही, बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते पण खिशातून द्यावी लागते. आमच्याकडे एका डोसला दोन हजाराच्या आसपास जातात, दोनदा म्हणजे घरभाड्याचा तुकडाच. माझा राग पालकांवर नाही, आमच्याच लोकांवर आहे. पहिल्या डोसच्या वेळी कोणी सांगत नाही की हे दोन आहेत आणि एवढे पैसे होतील, मग महिन्याने फोन गेला की माणसाला वाटतं लुटतायत. काही ठिकाणी तर कार्डावर नुसतं "फ्लू" लिहून सही, पहिला का दुसरा काही नाही. डॉक्टर मंडळींना विनंती आहे की आधी दोन्हीचा खर्च सांगा आणि पहिल्याच दिवशी कार्डावर दुसरी तारीख टाका. पैसे एकाच डोसचे असतील तर पालक तेही सांगतील आणि मग ठरवता येईल. एकच डोस घेतलेल्या लहान बाळाला "लस झालीय" समजून निर्धास्त राहणं हे जास्त महाग पडतं.

दोन्ही डोस घेऊनही फ्लू होऊ शकतो, हेही मी सांगते, लपवत नाही. लस कुठल्या वर्षी जास्त जुळते कुठल्या वर्षी कमी, आणि साध्या सर्दी-खोकल्याच्या बाकीच्या व्हायरसवर ती काहीच करत नाही. पण न्यूमोनिया होऊन ॲडमिट व्हायची वेळ कमी येते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, तिथे आई-बाबांनी आणि घरच्यांनी घ्यायची.

ते वडील 9 जूनला आले बरं का, बाळाला घेऊन, मुलीलाही सोबत. मुलगी दारातच म्हणाली, "सिस्टर, माझं झालंय हां, मला एकच आहे."

आपली,
एक सिस्टर, सातारा