पोस्टातल्या ताईंना, पाचवीच्या दोन वर्गांकडून

आदरणीय पोस्टमास्तर ताई,

स. न. वि. वि.

दापोली तालुक्यातली आमची शाळा आणि वाशीम तालुक्यातली एक शाळा यांच्या पाचवीच्या वर्गांची पत्रमैत्री मार्चअखेर पुरी झाली. ती टिकली ती तुमच्या खिडकीमुळे. तोंडी आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवता, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत. दुसऱ्या कोणा शिक्षकांना असं काही सुरू करायचं असेल, तर तुम्ही सांगितलेल्या गोष्टी त्यांनाही मिळाव्यात.

पहिली अडचण आकड्यांची होती. आमच्याकडे ३१ मुलं, तिकडे २३. वाशीमच्या आठ हुशार मुलांना दोन-दोन मित्र द्यावेत असं आमचं ठरत होतं. तुम्ही यादी बघून म्हणालात, की ती आठ मुलं दुसऱ्या पत्रालाच कंटाळतील आणि आठ घरची पत्रं एकदम बंद पडतील. त्यापेक्षा इकडच्या सोळा मुलांच्या आठ जोड्या करा, जोडीने एकच पत्र लिहू द्या, उरलेली पंधरा मुलं एकेकटी लिहितील. आठ आणि पंधरा मिळून तेवीस. जोड्या लावताना नेहमी गैरहजर राहणारं मूल रोज येणाऱ्याशी बांधायचं, हेही तुमचंच. त्यामुळे भातलावणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतावर असतानाही एकाही पत्राचं उत्तर अडलं नाही.

मग सुरुवातीची तारीख. आम्ही जूनमध्येच पत्रं टाकायला निघालो होतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आपल्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात, हे आमच्या लक्षातच नव्हतं. बंद शाळेच्या दारात पत्र आलं तर डाकसेवक एकदोन चकरा मारतो, नंतर ते परत फिरतं. तुम्ही जुलैचा पहिला आठवडा गाठायला सांगितलात. हिशोबही तुम्हीच मांडून दिलात: पत्र जायला एक आठवडा धरा, उत्तर लिहायला एक, यायला एक, आणि पुढचं पत्र लिहायला आणखी एक. म्हणजे एक फेरी चार आठवड्यांची. दिवाळीच्या सुट्टीआधी तीन फेऱ्या बसतात. सुट्टी, सहल, गॅदरिंग वगळून पुढे कशाबशा तीन. पण मुलांना कबूल करताना चारच करा, म्हणालात.

पहिली फेरी एकाच पाकिटातून पाठवायची, हा सल्ला आम्हाला आधी पटला नव्हता. मुलांना स्वतःच्या नावाचं पत्र हवं असतं. पण पहिल्या दिवशी वीस मुलांच्या हातात पत्र आणि तिघं रिकामी, असं झालं तर त्या तिघांचा रस तिथेच संपतो. पाकीट एकच असलं की सगळ्यांना एकाच तासाला मिळतं. शिवाय ते स्वस्तही पडतं. ए-फोर आकाराचा साधा ८० जीएसएमचा कागद पाच ग्रॅमचा. असे २३ कागद म्हणजे ११५ ग्रॅम, वर जाड पाकिटाचे बारा, एकूण १२७. दर वीस ग्रॅमला पाच रुपये, म्हणजे सात टप्पे आणि ३५ रुपये. तीच पत्रं सुटी इनलँडवर पाठवली असती तर ५७ रुपये ५० पैसे, सुट्या पाकिटांतून ११५. आतल्या कागदांवर पत्ता नको, वर फक्त दोघांची नावं. पाकिटावर मुख्याध्यापकांचा पत्ता. टाचण्या काढायला लावल्यात आणि मग तुमच्या काट्यावर वजन करून दाखवलंत. बाहेर अंदाजाने तिकीट लावलं आणि एक टप्पा चुकला, तर ते बैरंग होतं आणि तुटीच्या दुप्पट पैसे समोरच्या शाळेला भरावे लागतात.

दुसऱ्या फेरीपासून निळी इनलँड. ती तुमच्याकडे एकदम तेवीस कधीच नसतात. तुम्ही दोन आठवडे आधी दापोलीहून मागवून ठेवलीत, आणि वर तीन जास्त, फाटतील म्हणून. तीनही फाटली. पावसाळ्यातल्या दमट हवेत इनलँडच्या कडांचा गोंद आपोआप धरतो, गठ्ठाच्या गठ्ठा चिकटून बसतो. दोन-दोन पत्रांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून पाटीखाली सपाट ठेवायची युक्ती नसती, तर तीनावर भागलं नसतं. वाशीमकरांना हा प्रश्नच ठाऊक नाही. त्यांची अडचण उलटी: मुलं गोंदाला इतकं पाणी लावायची, की तो आत पसरायचा आणि उघडताना शेवटची ओळ कागदासकट निघून यायची. म्हणून कडेला बोटभर जागा कोरी सोडायची, असा नियम दोन्ही वर्गांत लागला. शाईपेन आणि जेल पेन बंद, बॉलपेन चालू. बंद केलेल्या पेनांवरून आमच्या वर्गात दोन दिवस रुसवा होता, पण जुलैत भिजून आलेलं एक पत्र वाचता आलं ते बॉलपेनमुळेच.

इनलँडच्या आत काही घालायचं नसतं हे त्यावरच छापलेलं असतं, पण मुलं ते वाचत नाहीत. तुम्ही प्रत्येक इनलँड बोटांनी दाबून पाहिलंत आणि फुगलेली पाच बाजूला काढलीत. आतून जास्वंदीच्या पाकळ्या, मोरपिसाचा तुकडा आणि एक चॉकलेटचा चकचकीत कागद निघाला. वस्तू पाठवायची तर पाच रुपयांचं पाकीट, आणि ती सपाट हवी. वाशीमहून कापसाचं अख्खं बोंड आलं होतं. सरकीसकट असल्यामुळे शिक्का मारताना पाकीट त्याच जागी फुटलं. पुढच्या वेळी त्यांनी सरकी काढून कापूस पातळ पसरून पाठवला, तो नीट पोचला.

पत्त्याचा तास मात्र तुम्ही शाळेत येऊन घेतलात, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. आम्ही सगळ्यांकडून डोळे झाकून "मु. पो." लिहून घेत होतो. तुम्ही फळ्यावर दोन ओळी केल्यात. "मु." म्हणजे मूल जिथे आहे ते गाव, "पो." म्हणजे ज्या पोस्टातून त्या गावाची डाक वाटली जाते ते. दोन्ही एकच असतील तरच "मु. पो." जोडायचं. वाशीमच्या त्या शाळेच्या गावात पोस्ट नाही, शेजारच्या गावात आहे. आम्ही जोडून लिहिलं असतं तर नसलेलं पोस्ट शोधत पत्रं हिंडली असती. पत्ता घरचा न देता "मार्फत मुख्याध्यापक" असा शाळेचाच द्यायचा, कारण मुलांच्या घरचे पत्ते अनोळखी हातांत जायला नकोत, हेही तुम्ही त्याच तासाला सांगितलंत.

पिनकोडचं तर मुलं अजून बोलतात. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेले हे सहा आकडे. पहिला ४ महाराष्ट्रालाही आहे आणि गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडलाही. दापोली शहराचा ४१५७१२, वाशीम शहराचा ४४४५०५. वर्गीकरण करणारा माणूस गावाच्या नावाआधी हे आकडे बघतो, असं तुम्ही सांगितलंत आणि लगेच एका मुलीचं पत्र वर धरलंत. नाव वाशीमच्या मैत्रिणीचं, गाव बरोबर, जिल्हा बरोबर, आणि सहा चौकोनांत सवयीने स्वतःचा ४१५ ने सुरू होणारा पिन. "हे पत्र फिरून पुन्हा माझ्याच टेबलावर येणार," म्हणालात. त्या दिवशी तेविसांत अशी चार निघाली. आता चौकोन भरायचे ते शेजाऱ्याने वाचून दाखवलेल्या आकड्यांवरून, स्वतःच्या आठवणीतून नाही.

तेवीस पत्रं पेटीत न टाकता, पत्त्याची बाजू एकीकडे करून, दोरा बांधून खिडकीत द्यायची. तरीही ती एकत्र पोचत नाहीत. वाशीमला एका फेरीत मंगळवारी सतरा गेली, उरलेली सहा शुक्रवारी. म्हणून आलेली पत्रं कपाटात ठेवून शनिवारीच उघडायची असं ठरलं. शनिवारपर्यंत ज्याचं आलं नाही, त्याच्यासाठी प्रत्येक फेरीत पन्नास पैशांचं एक पोस्टकार्ड "सगळ्या वर्गाला" म्हणून जायचं, ते वाचून दाखवायचा मान त्याला. पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतं, तेव्हा त्यावर खासगी काही नको, ही तुमची सूचनाही पाळली.

एक गोष्ट लिहायला थोडी जड जाते. सप्टेंबरात पत्रं उशिरा पोचतात अशी तक्रार आम्ही तुमच्याकडे घेऊन आलो होतो. तुम्ही काही न बोलता वाशीमहून परत मागवलेलं एक इनलँड उजेडात धरलंत. आत मुलाने घातलेली तारीख ४, तिकिटावरच्या शिक्क्यात १३. नऊ दिवस पत्र आमच्याच शाळेच्या कपाटात तपासणीसाठी पडून होतं. तेव्हापासून वहीत पत्राचा क्रमांक, कोणाचं, कोणाला, यांच्यापुढे लिहिल्याची, टाकल्याची आणि मिळाल्याची अशा तीन तारखांचे रकाने आहेत. पत्र अडलं कुठे ते त्यातून लगेच कळतं. शुद्धलेखन तपासणंही आम्ही सोडून दिलं. तांबड्या शाईने दुरुस्त केलेलं पत्र मुलांना पत्र वाटत नाही.

मजकुराबद्दल तुम्ही एकदाच बोललात. "मी मजेत आहे, तू कसा आहेस" एवढंच असलेल्या पत्राला उत्तरात तेच येतं आणि तिसऱ्या फेरीला दोघंही गप्प होतात. प्रत्येक पत्रात समोरच्याला माहीत नसलेला एक शब्द असू दे, म्हणालात. वाशीमच्या मुलाने "आमची पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली" लिहिलं, इकडच्या जोडीला ती बकरी वाटली. कपाशी हे कळल्यावर त्यांनी उत्तरात "आगोट" लिहिली आणि अर्थ मुद्दाम सांगितला नाही. पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायचं सामानसुमान म्हणजे आगोट, हे समजून घ्यायला तिकडून तीन प्रश्न आले. कागद भरला तो असा.

यंदा आमच्या पाचवीत २७ मुलं आहेत, तिकडे २६. जोडी एकच लावावी लागेल. पहिलं पाकीट जुलैच्या पहिल्या आठवड्यात घेऊन येतो. ऑगस्टच्या फेरीसाठी २६ इनलँड आणि फाटतील ती तीन, अशी २९ मागवून ठेवावीत. ७२ रुपये ५० पैसे सुटे आणू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
दोन्ही शाळांचे पाचवीचे वर्गशिक्षक