पेनसिल्व्हेनियात काय झालं?

प्रिय समीर,

तुझे सारांश मिळाले आणि सगळे वाचून काढले. श्रम-अर्थशास्त्रातल्या वाचायच्या पेपरांची ती यादी पाहून तुला धडकी भरली असेल, पण मला यादीपेक्षा तुझ्या सारांशांची काळजी जास्त वाटली. सालं बरोबर आहेत, एकही पेपर सुटलेला नाही, आणि तरीही कॉम्प्समध्ये, म्हणजे पीएचडीच्या पात्रता परीक्षेत, त्यातलं फारसं काही हाताशी येईल असं वाटत नाही. का, ते एकाच पेपरवर सांगतो. किमान वेतनाचा विषय घेऊ. तो तुझ्या यादीत आहेच, शिवाय त्यात भांडण छान आहे.

कार्ड आणि क्रूगर यांच्या १९९४ च्या पेपरखाली तू लिहिलं आहेस: "लेखकांनी किमान वेतनवाढीचा रोजगारावरील परिणाम तपासला. डिफरन्स-इन-डिफरन्सेस पद्धत वापरली. रोजगार घटल्याचा पुरावा मिळाला नाही." यात चूक काहीच नाही. अडचण अशी की वरची नावं खोडून तिथे दुबे, लेस्टर आणि राइश लिहिलं आणि पद्धतीचं नाव बदललं, तर हीच तीन वाक्यं त्यांच्या २०१० च्या पेपरलाही चालतात. सेंगिझ आणि मंडळींच्या २०१९ च्या पेपरलाही चालतात. नाव बदलूनही सारांश खराच राहत असेल, तर तो त्या पेपरचा सारांश नाही. ही चाचणी तुझ्या प्रत्येक पानावर लावून बघ, निम्मी पानं तिथेच गळतील.

आता हेच पान मी कसं लिहिलं असतं ते सांगतो. मी प्रस्तावना बाजूला ठेवून आधी तुलना शोधतो: कोणाची, कोणाशी, कधी. १ एप्रिल १९९२ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ वरच राहिलं. कार्ड-क्रूगरनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या ४१० फास्ट-फूड रेस्टॉरंटांना दोनदा फोन केले, एकदा वाढीच्या थोडं आधी आणि एकदा त्याच वर्षाच्या शेवटी. पूर्णवेळ माणूस एक, अर्धवेळ माणूस अर्धा, असं धरून प्रत्येक ठिकाणचा रोजगार मोजला. एवढं लिहायला तीन ओळी पुरतात. पण त्या तीन ओळींशिवाय पुढचा कुठलाच आकडा कळत नाही.

मग एक टेबल. एकच, पण ते हाताने काढायचं. न्यू जर्सीत सरासरी रोजगार २०.४४ होता, तो २१.०३ झाला, म्हणजे ०.५९ ने वाढला. पेनसिल्व्हेनियात २३.३३ चा २१.१७ झाला, म्हणजे २.१६ ने घटला. दोन्ही बदलांतला फरक, म्हणजेच डिफरन्स-इन-डिफरन्सेस, पेपरात २.७६ दिला आहे (शेवटचा अंक राउंडिंगमुळे हलतो) आणि त्याची स्टँडर्ड एरर, म्हणजे त्या अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप, १.३६ आहे.

हे चार आकडे स्वतः मांडले की ॲबस्ट्रॅक्टवर न उमटलेली गोष्ट समोर येते. तो प्रसिद्ध २.७६ मुख्यतः न्यू जर्सीतून आलेला नाही. तिथे जवळपास काहीच हललं नाही. तो आला आहे पेनसिल्व्हेनियातली घट उलट्या चिन्हाने मिळवल्यामुळे. म्हणजे पेपरचा सगळा भार एका गृहीतकावर आहे: वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीतही पेनसिल्व्हेनियाइतकीच घट झाली असती. परीक्षक बोट ठेवणार ते इथेच. म्हणून माझ्या पानावर निष्कर्षाच्याही आधी मोठ्या अक्षरात प्रश्न असेल: पेनसिल्व्हेनियात काय झालं?

आणि त्याच्या लगेच खाली लेखकांचं उत्तर. हे तुझ्या सारांशात अजिबात नाही, आणि माझ्या मते पेपरातला सर्वात हुशार भाग हाच आहे. न्यू जर्सीतली काही रेस्टॉरंटं कायद्याच्या आधीपासूनच पाच डॉलर किंवा जास्त देत होती. त्यांना वाढीचा धक्का जेमतेम बसणार होता. म्हणजे राज्याच्या आतच तुलनेला दुसरा गट मिळाला. या जास्त पगार देणाऱ्या रेस्टॉरंटांमध्ये रोजगाराचा बदल साधारण पेनसिल्व्हेनियासारखाच निघाला, आणि कमी पगार देणाऱ्यांमध्ये मात्र घट दिसली नाही. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातली घट ही त्या राज्यापुरती विचित्र गोष्ट नसून त्या भागातल्या मंदीची खूण असावी, हा युक्तिवाद उभा राहतो. तुला तो पटलाच पाहिजे असं नाही. पण तो माहीत नसेल तर तुझी टीका पोकळ ठरेल, कारण लेखकांनी ती आधीच ओळखून ठेवली आहे.

थिअरीसाठी एकच ओळ, पण नेमकी. स्पर्धात्मक बाजारात वेतन वर ढकललं की रोजगार घटायला हवा. मालकाच्या हातात वेतन ठरवण्याची ताकद असेल, म्हणजे मोनॉप्सनी असेल, तर तो वाढूही शकतो. तू इथे "निकाल मोनॉप्सनीशी सुसंगत" लिहून मोकळा झालास. थांब. रोजगार वाढला तर उत्पादन वाढतं आणि किंमत उतरायला हवी. पेपरात मात्र न्यू जर्सीतल्या जेवणाच्या किमती पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत वाढलेल्या दिसतात. म्हणजे साधं मोनॉप्सनी मॉडेलही नीट बसत नाही, आणि लेखक तसं मान्यही करतात. तोंडी परीक्षेत हे वाक्य तू आपणहून बोललास, तर समोरचा पुढचा उपप्रश्न विचारणारच नाही. (निदान तोच तरी विचारणार नाही.)

आता खरा मुद्दा. पेपरचं पान इथे संपतं, पण परीक्षेत पेपर सुटा विचारतच नाहीत. "किमान वेतनवाढीच्या परिणामांविषयीच्या पुराव्याचं मूल्यमापन करा" असा प्रश्न येतो, आणि तुझ्याकडे सालवार लावलेली पानं असली की उत्तरही सालवार होतं: अमुक यांनी हे म्हटलं, तमुक यांनी ते म्हटलं. म्हणून पेपरांच्या आधी वादाचं पान कर. वाद तीन आहेत, आणि प्रत्येक पेपर त्यातल्या कुठल्या तरी एकाला दिलेलं उत्तर आहे.

पहिला वाद मोजमापाचा. फोनवर मॅनेजरने सांगितलेली माणसांची संख्या कितपत विश्वासाची? न्यूमार्क आणि वॉशर यांनी २००० मध्ये रेस्टॉरंटांच्या पगारपत्रकांवरून तीच तुलना पुन्हा केली. फोनवरच्या आकड्यांत चढउतार फार जास्त आहेत, आणि पगारपत्रकं घेतली तर न्यू जर्सीत तुलनेने घट दिसते, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी कार्ड-क्रूगरनी सरकारी रोजगार नोंदींवरून उत्तर दिलं: परिणाम बहुधा शून्य, कदाचित किंचित वाढीकडे. इथे एक बारीक गोष्ट टिपून ठेव. मूळ २.७६ वरून हे लेखक स्वतःच मागे सरकले आहेत. "वाढला" हा सूर "घटला नाही" यावर आला. तुझ्या दोन वेगळ्या पानांवर ही दोन उत्तरं शेजारी न आल्यामुळे ही माघार तुला दिसलीच नाही.

दुसरा वाद स्टँडर्ड एररचा, आणि तो मला जास्त आवडतो, कारण इथे तुझ्या यादीतला इकोनोमेट्रिक्सचा भाग श्रम-अर्थशास्त्राला येऊन भिडतो. बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुल्लैनाथन यांनी २००४ मध्ये स्त्रियांच्या वेतनाच्या खऱ्या आकडेवारीवर खोटे कायदे लादून पाहिले. जो कायदा झालाच नाही त्याचाही "परिणाम" नेहमीच्या पद्धतीने ५ टक्क्यांच्या पातळीवर, म्हणजे चुकून ५ टक्के वेळाच सापडायला हवा तिथे, ४५ टक्के वेळांपर्यंत सापडला. कारण एकाच राज्याचे लागोपाठच्या वर्षांचे आकडे एकमेकांशी बांधलेले असतात आणि ती पद्धत त्यांना स्वतंत्र धरते. डोनाल्ड आणि लँग यांचा २००७ चा पेपर हीच नड गट थोडे असतानाची मांडतो. आता हे न्यू जर्सीला लाव. रेस्टॉरंटं ४१० असली तरी राज्यं दोनच. एका राज्यातल्या सगळ्यांना एकच धक्का बसला असेल, तर आपल्याजवळ माहितीचा तुकडा एकच उरतो: दोन राज्यांच्या बदलांतला फरक. मग १.३६ ला काय अर्थ राहिला? हे तुझ्या कार्ड-क्रूगरच्या पानाच्या समासात लिहायचं आणि तिथून बाण इकोनोमेट्रिक्सच्या पानाकडे न्यायचा. यादीचे विभाग प्राध्यापकांनी त्यांच्या सोयीने पाडले आहेत. तुझ्या वहीने ते पाळायची गरज नाही.

तिसरा वाद, तुलना कोणाशी करायची हा. दोन राज्यं कमी पडतात म्हणून दुबे, लेस्टर आणि राइश यांनी राज्यांच्या सीमेला लागून असलेल्या काउंटींच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या, जोड्या घेतल्या, देशभरातल्या. त्यांना रोजगारात घट दिसली नाही. त्यावर न्यूमार्क, सालस आणि वॉशर यांनी २०१४ मध्ये विचारलं की शेजारची काउंटी हीच सर्वात योग्य तुलना हे कशावरून ठरवलंत? नंतर सेंगिझ, दुबे, लिंडनर आणि झिपरर यांनी प्रश्नच फिरवला. १९७९ ते २०१६ मधल्या १३८ राज्यस्तरीय वाढी घेऊन त्यांनी पाहिलं, की नव्या किमान वेतनाखालच्या किती नोकऱ्या नाहीशा झाल्या आणि त्या रेषेवर किंवा जरा वर किती नव्या उगवल्या. दोन्ही संख्या जवळपास सारख्या निघाल्या. यातल्या शेवटच्या पेपरला पूर्ण पान दे, कारण त्याने मोजण्याची जागा बदलली. २०१४ च्या पेपरला तीन ओळी पुरेत, पण त्या २०१० च्या पानावरच लिही, वेगळ्या नकोत.

लांबीचा हिशेब मी असाच ठेवतो: प्रश्न बदलणाऱ्या पेपरला पान, उत्तर देणाऱ्याला परिच्छेद, आणि तेच नव्या आकडेवारीवर पुन्हा करणाऱ्याला एक ओळ. तू सगळ्यांना सारखं अर्धं पान दिलं आहेस. त्यामुळे भलत्याच पेपरांना जागा मिळाली आणि कार्ड-क्रूगरचं टेबल राहून गेलं.

पान झालं की ते पालथं घालून टेबल आठवणीने काढायचं. आकडे दशांशात चुकले तर चालेल. कुठलं राज्य हललं आणि कुठलं नाही हे चुकलं, तर पेपर वाचला असला तरी समजला नाही असं धरून पुन्हा टेबलापाशी जायचं, प्रस्तावनेपाशी नाही.

अख्खी यादी पुन्हा लिहायला बसू नकोस, तेवढा वेळ नाही. आधी तीन वादांचं एक पान, मग कार्ड-क्रूगर आणि सीमेवरच्या काउंटी. काउंटींच्या पानावर मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे: दोन राज्यांऐवजी शेकडो जोड्या आल्या, पण शेजारच्या काउंटीतले कामगारच जास्त पगारासाठी सीमा ओलांडून गेले, तर या तुलनेचं काय होतं? झालं की फोटो काढून पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो.

तुझा,
निखिल