पडद्यावर ‘उपलब्ध’ आणि हातात काहीच नाही : ई-पुस्तक सेवेबाबत तक्रार

दिनांक : 12 मे 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक साहाय्य विभाग

विषय : विद्यापीठ ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधून ई-पुस्तक शोधणे, आरक्षण आणि मुदतवाढ यांत आलेल्या अडचणी

महोदय/महोदया,

मी मूळची साताऱ्याची. गेल्या सप्टेंबरपासून स्पेनमधल्या एका विद्यापीठात अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. आमच्या ग्रंथालयाचा कॅटलॉग आणि त्यातला ई-पुस्तकांचा विभाग, दोन्ही आपल्या कंपनीचे आहेत. फोनवर आपल्या पुण्याच्या केंद्रातल्या ताईंनी माझे नीट ऐकून घेतले आणि लेखी तक्रार मराठीत दिली तरी चालेल असे सांगितले, म्हणून सविस्तर लिहिते. विद्यापीठाचे नाव आणि माझा कार्ड क्रमांक सोबतच्या अर्जात दिला आहे.

प्रकरण एकाच पुस्तकाचे आहे. कालश्रेणी विश्लेषणाच्या विषयाला प्राध्यापकांनी एक पाठ्यपुस्तक लावले आहे. अभ्यासक्रम पत्रिकेत त्याचा आयएसबीएन दिलेला होता. मी तो जसाच्या तसा शोधचौकटीत टाकला. एकच नोंद आली, छापील प्रतीची, आणि तिच्यापुढे `Prestado` म्हणजे ‘बाहेर दिलेले’. ई-पुस्तक नाहीच असे मी धरून चालले आणि आठवडाभर वर्गमैत्रिणीच्या प्रतीतून पाने उतरवून घेत बसले.

नंतर काउंटरवरच्या ग्रंथपाल बाईंनी पुस्तकाच्या नावातले दोन शब्द आणि लेखकाचे आडनाव टाकून शोधले, डावीकडे `Disponible en línea` म्हणजे ‘ऑनलाइन उपलब्ध’ यावर टिचकी मारली, आणि ई-पुस्तक समोर आले! त्यांनी कारणही दाखवले. ई-आवृत्तीचा आयएसबीएन वेगळा असतो, छापील प्रतीचा वेगळा. ई-पुस्तकांच्या नोंदी ग्रंथालय हाताने करत नाही, त्या आपल्याकडून गठ्ठ्याने येतात. अशा नोंदीत छापील आवृत्तीचा क्रमांकही लिहिण्याची सोय आहे, ग्रंथालयांच्या नोंदी ज्या मार्क पद्धतीत लिहितात तिच्यात 776 हे क्षेत्र त्यासाठीच आहे. आपल्या नोंदीत ते रिकामे होते. तो क्रमांक तिथे असता आणि शोधात धरला गेला असता, तर माझ्या पहिल्याच शोधात दोन्ही नोंदी आल्या असत्या. पत्रिकेत छापील क्रमांकच असतो आणि विद्यार्थी तोच टाकतात, त्यामुळे ही चूक माझ्या एकटीच्या वाट्याची नाही.

यापुढचा त्रास जास्त मोठा. नोंदीवर हिरव्या अक्षरांत ‘ऑनलाइन उपलब्ध’ होते. `Acceso` दाबले, विद्यापीठाचे खाते घातले, आणि आपल्या पानावर पोहोचल्यावर कळले की पुस्तक दुसऱ्या कुणाकडे आहे. ग्रंथालयाने घेतलेला परवाना एका वेळी एकाच वाचकाचा आहे. यात ग्रंथालयाला दोष देत नाही, अनेकांचा परवाना महाग असतो हे मला माहीत आहे. पण ते कॅटलॉगच्या त्याच ओळीत लिहायला काय अडचण आहे? ‘उपलब्ध’ या शब्दाचा अर्थ तिथे फक्त ‘ग्रंथालयाकडे आहे’ एवढाच निघतो.

मी परत कॅटलॉगवर आले आणि `Reservar` दाबले. आरक्षण झाल्याचा निरोप आला. तीन दिवसांनी लक्षात आले की ते छापील प्रतीचे आरक्षण होते. दोन्ही आवृत्त्या एकाच चौकटीत दाखवल्या होत्या आणि बटण एकच होते. ई-पुस्तकाचे आरक्षण आपल्या पानावर स्वतंत्र करावे लागते. ते केले, रांगेत माझा नंबर तिसरा लागला.

17 एप्रिलला रात्री 12 वाजून 10 मिनिटांनी मेल आला : पुस्तक आपल्यासाठी ठेवले आहे, 48 तासांत घ्या, मुदत `18/04/2025 22:10`. तो पवित्र आठवड्याचा गुरुवार, सुट्टीचा. मी मेल उघडला तो शुक्रवारी रात्री 10 वाजून 40 मिनिटांनी. मुदत अर्ध्या तासापूर्वी संपली असे वाचून मी लॅपटॉप मिटला. सकाळी आपल्या पानावरच्या यादीत पाहिले तर आरक्षण रद्द झाल्याची वेळ होती `19/04/2025 00:10`. म्हणजे मी मेल वाचला तेव्हा माझ्याकडे अजून दीड तास होता. मेलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार छापलेली होती. एप्रिलमध्ये स्पेनचे घड्याळ तिच्या दोन तास पुढे असते आणि मेलमध्ये तसे कुठेही लिहिलेले नव्हते. मी पुन्हा रांगेच्या शेवटी गेले. मेल आणि यादीचे पान या दोन्हींची छायाचित्रे जोडली आहेत, ती कृपया स्वतः पाहावीत.

अखेर 30 एप्रिलला सकाळी 9 वाजता पुस्तक मिळाले, सात दिवसांसाठी. परीक्षा तोंडावर होती, मी दिवसरात्र वाचले, चार प्रकरणांत जवळपास साठ ठिकाणी खुणा केल्या आणि बाजूला टिपणे लिहिली. 6 मे रोजी कॅटलॉगमधल्या `Mi cuenta` म्हणजे ‘माझे खाते’ इथे जाऊन `Renovar todo` म्हणजे ‘सर्वांची मुदत वाढवा’ दाबले. वर हिरवी पट्टी आली : आपण नेलेली पुस्तके नव्याने दिली आहेत. मी निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी 9 वाजता पुस्तक बंद झाले आणि टिपणांसकट गेले. त्या यादीत फक्त माझी दोन छापील पुस्तके होती, ई-पुस्तक तिथे दिसतच नव्हते. छापील पुस्तकाला मुदतवाढ मिळते, मात्र दुसऱ्याने आरक्षण केले असेल तर नाही, आणि उशीर झाला की आमच्याकडे दंड पैशांत न लागता तेवढे दिवस पुस्तके मिळणे बंद होते. ई-पुस्तकाला यातले काहीच लागू नाही. ते वेळ संपली की आपोआप परत जाते आणि रांगेत कुणी असेल तर पुन्हा रांग. हा फरक मला पुस्तक गेल्यावर कळला. ‘सर्व’ या बटणात काय येते आणि काय येत नाही, हे ते दाबण्याआधी दिसायला हवे होते.

छापील प्रत 30 एप्रिललाच परत यायची होती, ती अजून आलेली नाही. तिचे आरक्षण मी चालू ठेवले आहे.

माझी पहिली मागणी त्या टिपणांची. खात्यावर ती अजून साठवलेली असतील तर मला फाइल करून द्यावीत. परीक्षा 2 जूनला आहे, म्हणून 20 मेपूर्वी मिळाली तरच त्यांचा उपयोग. मेलमधली वेळ स्थानिक करणे आणि ‘ऑनलाइन उपलब्ध’च्या जागी ‘एका वाचकापुरते, सध्या दिलेले’ असे दाखवणे ही कामे तरी नव्या सत्राआधी व्हावीत. आयएसबीएनच्या नोंदी आमच्या ग्रंथपालांनी आपल्याकडे वेगळ्या कळवल्या आहेत, त्यांना उत्तर मिळाले नाही असे त्या म्हणाल्या. त्यांनाही कृपया लिहावे.

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी

सोबत : मेलची, यादीच्या पानाची आणि ‘नव्याने दिली’ या पट्टीची छायाचित्रे